१.११ चा भरवसा

लोडशेडिंगच्या दिवसांत, २००६-०७ च्या सुमारास, मी सुट्टी लागली की कऱ्हाडला मामांच्या दुकानात जाऊन बसायचो. दुकान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. पण त्या काळात काउंटरवर टीव्ही कमी आणि इन्व्हर्टर जास्त असायचे. बहुतेक इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे, कारण साइन वेव्हचा इन्व्हर्टर बऱ्याच जणांना परवडत नव्हता.

एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आलं. तक्रार तीच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मोबाइल नीट चार्ज होतो, पण साधा बल्ब महिनाभरसुद्धा टिकत नाही. दोन महिन्यांपूर्वी हाच इन्व्हर्टर दुकानात आला होता, तेव्हा मामांनी आउटपुट मोजलं होतं. मीटरवर १८० व्होल्ट आले. कमी आहेत म्हणून त्यांनी आतल्या सर्किटवरचा प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवला आणि बरोबर २३० वर आणून ठेवला. आता पुन्हा मोजलं, तर आजही २३०. मामांच्या हिशेबाने इन्व्हर्टरमध्ये दोष नव्हता.

त्याच वेळी जवळच्या एका साखर कारखान्यातले इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक दुकानात बसले होते. त्यांनी बॅगेतून स्वतःचा मीटर काढला आणि त्याच पॉइंटला लावला. त्यावर २६० दिसले. मामा म्हणाले, "तुमच्या मीटरची बॅटरी संपलीय, राव." मग लाइट आल्यावर दोघांनी आपापले मीटर भिंतीवरच्या सॉकेटला लावले. एकावर २२८, दुसऱ्यावर २२९. म्हणजे मीटर दोन्ही चांगले. पुन्हा इन्व्हर्टरवर लावले, तर पुन्हा २३० आणि २६०.

दोन्ही मीटर चांगले असूनही एकाच पॉइंटवर ३० व्होल्टांचा फरक का पडतो, याचं उत्तर मला पुढे कॉलेजात मिळालं. ते कळायला आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, असं आपण म्हणतो, म्हणजे नेमकं काय असतं?

एसी व्होल्टेज एका जागी थांबत नाही. शून्यावरून चढतं, शिखराला जातं, पुन्हा शून्यावर येतं, मग उलट्या दिशेने तेवढंच जातं आणि परत येतं. ही पूर्ण फेरी एका सेकंदात ५० वेळा होते, म्हणजे अर्धी फेरी १० मिलिसेकंदांची. त्या अर्ध्या फेरीत शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत पोचतं. सतत बदलणाऱ्या या आकड्याला २३० हे एकच नाव द्यायचं, तर त्याला काहीतरी आधार हवा. सरळ सरासरी काढली, तर धन आणि ऋण भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं. म्हणून आधार धरला तो उष्णतेचा. शेगडीच्या कॉइलला हा एसी लावला तर जेवढी उष्णता निघेल, तेवढीच उष्णता किती व्होल्टांच्या स्थिर डीसीने निघेल? उत्तर येतं २३०. या आकड्याला आरएमएस मूल्य म्हणतात.

आता उष्णता आणि सरासरी यांत एक मोठी अडचण आहे. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे ती करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. समजा एका तारेत सतत ५ अँपिअर जातात. दुसऱ्या तशाच तारेत निम्मा वेळ १० अँपिअर जातात आणि निम्मा वेळ काहीच जात नाही. दोघींची सरासरी ५ आहे. पण पहिलीचा वर्ग २५. दुसरीचा निम्मा वेळ १०० आणि निम्मा वेळ शून्य, म्हणजे सरासरीने ५०. दुसरी तार दुप्पट तापते. ५० चं वर्गमूळ काढलं की ७.०७ येतं. ही दुसरी तार सतत ७.०७ अँपिअर वाहणाऱ्या तारेइतकी गरम असते. आधी वर्ग, मग त्या वर्गांची सरासरी, मग वर्गमूळ, हीच आरएमएसची कृती आहे. तुटक तुटक वाहणारा करंट सरासरीने निरुपद्रवी दिसतो आणि तारेला मात्र जास्त तापवतो, हे या उदाहरणातून लक्षात राहिलं, तर पुढचं सगळं सोपं आहे.

स्वस्तातला मल्टिमीटर वर्गबिर्ग करत नाही. तो एसी व्होल्टेजचा ऋण भाग उलटा करून धन करतो, म्हणजे रेक्टिफाय करतो, आणि मग जे मिळालं त्याची सरासरी घेतो. हे करायला दोन-चार डायोड किंवा एखादी साधी आयसी पुरते. ३२५ व्होल्ट शिखराच्या साइन वेव्हची अशी सरासरी २०७ व्होल्ट येते. पण गिऱ्हाइकाला तर २३० बघायचे असतात. म्हणून मीटर बनवणारे त्या सरासरीला १.११ ने गुणतात. २०७ गुणिले १.११, झाले २३०. साइन वेव्ह कितीही मोठी किंवा लहान असली, तरी तिच्या आरएमएस आणि सरासरीचं हे गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे हिशेब प्रत्येक वेळी बरोबर येतो. अशा मीटरला 'अॅव्हरेज रिस्पॉन्डिंग' म्हणतात. तो मोजतो सरासरी आणि दाखवतो आरएमएस, आणि या दोहोंना जोडणारा १.११ हा आकडा कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. त्या आकड्यामागे एक गृहीत आहे, समोरची वेव्ह साइनच असणार. एकेकाळी ते रास्तही होतं. घराघरात बल्ब, इस्त्री, गिझर आणि पंखा एवढंच असायचं, आणि या वस्तू व्होल्टेजच्या आकारासारखाच करंट घेतात.

आता मामांच्या काउंटरवर परत जाऊ. बाजारात 'स्क्वेअर वेव्ह' म्हणून विकला जाणारा घरगुती इन्व्हर्टर बहुधा खरी चौकोनी वेव्ह देत नाही. तो एका अर्ध्या फेरीतला थोडा वेळ सपाट उंच व्होल्टेज देतो आणि उरलेला वेळ शून्यावर बसतो. समजा उंची ३२५ व्होल्ट आहे. १० मिलिसेकंदांपैकी ५ मिलिसेकंद व्होल्टेज ३२५ आणि ५ मिलिसेकंद शून्य. ३२५ चा वर्ग १,०५,६२५. निम्माच वेळ असल्यामुळे सरासरी ५२,८१२. त्याचं वर्गमूळ २३०. म्हणजे बल्बच्या दृष्टीने हा इन्व्हर्टर अगदी बरोबर २३० व्होल्ट देत होता. बनवणाऱ्याने तो तसाच सेट करून पाठवला होता.

मामांच्या मीटरने मात्र ३२५ ची निम्म्या वेळेची सरासरी धरली, १६२.५. तिला १.११ ने गुणलं आणि १८० दाखवले. इन्व्हर्टर बरोबर होता, मीटरही त्याला शिकवलेलं काम चोख करत होता, फक्त १.११ चा आकडा या आकाराला लागू नव्हता.

पुढे जे झालं त्याने खरं नुकसान केलं. मामांनी प्रीसेट फिरवला. अशा इन्व्हर्टरमध्ये पल्सची उंची बॅटरी आणि ट्रान्सफॉर्मर ठरवतात, प्रीसेट फिरवल्यावर बदलते ती पल्सची रुंदी. मीटरवर २३० येण्यासाठी सरासरी २०७ हवी, आणि त्यासाठी पल्स ५ ऐवजी जवळजवळ ६.४ मिलिसेकंद चालू ठेवावा लागतो. आता वर्गांची सरासरी काढली तर ६७,००० च्या वर जाते आणि वर्गमूळ येतं २६० च्या जवळ. कारखान्यातल्या मेकॅनिकच्या मीटरने दाखवलेला आकडा हाच. २३० वर चालायची शेगडी किंवा सोल्डरिंग आयर्न २६० वर लावली, तर २८ टक्के जास्त उष्णता काढते. फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य तर व्होल्टेजला फारच हळवं असतं. एवढ्या वाढीने ते चौथ्या हिश्शाच्या आसपास येतं. इन्व्हर्टरची बॅटरीही लवकर उतरते, कारण तेवढी जास्त शक्ती तिच्यातूनच जाते.

आणि मोबाइल नीट का चार्ज होत होता? चार्जरच्या आत आधी डायोड आणि मग एक कपॅसिटर असतो, आणि तो कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो. शिखर आधीही ३२५ होतं, प्रीसेट फिरवल्यावरही ३२५ च राहिलं. चार्जरला काही बदलल्याचं कळलंच नाही. 'चार्जर ठीक, बल्ब जळतो' ही गिऱ्हाइकाची तक्रार म्हणजे खरं तर निदानच होतं, फक्त ते वाचणारं कुणी नव्हतं.

या प्रकाराला आणखी एक गंमतशीर पदर आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. बॅटरी उतरू लागली की पल्सची उंची कमी होते. चांगला इन्व्हर्टर मग पल्स रुंद करून आरएमएस २३० वरच राखतो. समजा उंची ३२५ वरून २९० वर आली. आरएमएस २३० ठेवायला पल्स सुमारे ६.३ मिलिसेकंद रुंद होतो. बल्बच्या दृष्टीने काहीही बदललेलं नाही. पण साधा मीटर आता १८० ऐवजी २०२ दाखवतो. बॅटरी उतरतेय आणि मीटरवरचे व्होल्ट चढतायत, असं उलटं दृश्य दिसतं. कुणी इन्व्हर्टरवर साधा मीटर लावून तासभर बसला, तर हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

यावर कुणी म्हणेल, साध्या मीटरच्या वाचनात ठरावीक भर घालून घेऊ. ते जमत नाही. अर्ध्या वेळेच्या पल्सवर तो मीटर २२ टक्के कमी दाखवतो. शून्यावर न थांबणाऱ्या पूर्ण चौकोनी वेव्हवर सरासरी आणि आरएमएस सारखेच असतात, तिथे १.११ मुळे तो ११ टक्के जास्त दाखवतो. त्रिकोणी वेव्हवर जेमतेम ४ टक्के कमी. दिव्याचा डिमर अर्ध्यावर ठेवला, तर बल्बला खरे १६३ व्होल्ट मिळत असताना तो ११५ दाखवतो. आकार बदलला की चूक बदलते, आणि आकार तर मीटरवर दिसत नाही.

व्होल्टेजपेक्षा करंटच्या बाबतीत हे जास्त जिव्हाळ्याचं आहे, कारण इन्व्हर्टर नसला तरी हा प्रश्न आज प्रत्येक घरात आणि ऑफिसात आहे. कॉम्प्युटर, टीव्ही, एलईडी दिवे यांच्यातल्या पॉवर सप्लायमध्येही तोच डायोड आणि कपॅसिटर असतो. कपॅसिटर भरलेला असेपर्यंत तो वीज घेत नाही. व्होल्टेज शिखराजवळ आलं की तेवढ्यापुरता घोट घेतो आणि पुन्हा थांबतो. सॉकेटमधलं व्होल्टेज साइन असतं, पण करंट मात्र उंच, अरुंद उसळ्यांच्या रूपात जातो. समजा १० मिलिसेकंदांपैकी ३.६ मिलिसेकंदच करंट वाहतो आणि प्रत्येक उसळीचा आकार साइनच्या कमानीसारखा आहे. हिशेब केला, तर साधा टोंग टेस्टर खऱ्या करंटच्या ६० टक्केच दाखवतो.

ऑफिसातला कॉम्प्युटरचा १० अँपिअरचा एमसीबी रोज दुपारी पडतो. वायरमन टोंग टेस्टर लावतो. मीटर म्हणतो ८.७ अँपिअर. वायरमनला वाटतं एमसीबी खराब आहे, आणि तो १६ चा एमसीबी टाकून मोकळा होतो. पण ८.७ हे खऱ्या १४.५ चे ६० टक्के आहेत. आणि घरगुती एमसीबीच्या प्रमाणानुसार १० अँपिअरचा एमसीबी १४.५ अँपिअरला तासाभरात पडायलाच हवा. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती करंटने तापून वाकते आणि खटका पाडते. तापणं म्हणजेच आरएमएस. ती पट्टी कुठलीही वेव्ह गृहीत धरत नाही. एमसीबीने खरं सांगितलं होतं, त्यालाच काढून टाकलं. आता भिंतीतली वायर मीटरवरच्या आकड्यावरून काढलेल्या हिशेबाच्या पावणेतीन पट तापते आहे, आणि तिला थांबवणारा एमसीबी आधीपेक्षा ढिला आहे. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रलची स्थिती याहून बिकट होते. तिन्ही फेजच्या अरुंद उसळ्या न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडत नाहीत, तिथे करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो.

मग ट्रू आरएमएस मीटर वेगळं काय करतो? तो गृहीत सोडतो आणि प्रत्यक्ष वर्ग करतो. याची सुरुवात फार जुनी आहे. ब्रिटिश सैन्यातले इंजिनिअर फिलिप कार्ड्यू यांनी १८८० च्या दशकात एक व्होल्टमीटर बनवला, त्यात बारीक तार करंटने तापून लांब होई आणि काटा हलवी. उष्णतेवरूनच मोजत असल्यामुळे वेव्ह कशीही असो, त्याला फरक पडत नव्हता. जुन्या पॅनेलवरचे मूव्हिंग आयर्नचे जाड काट्याचे मीटरही वर्गावर चालतात, त्यामुळे अनेकदा नव्या स्वस्त डिजिटल मीटरपेक्षा ते खरं बोलतात. १९७० च्या दशकात वर्ग, सरासरी आणि वर्गमूळ एकाच चिपमध्ये करणाऱ्या आयसी आल्या आणि ही सोय हातातल्या मीटरमध्ये मावली. आज अनेक मीटर सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेजचा नमुना घेतात, प्रत्येकाचा वर्ग करतात आणि उरलेला हिशेब आकड्यांत करतात. १.११ ला तिथे जागाच नाही.

तरी ट्रू आरएमएस छापलं म्हणजे सगळं बरोबर, असं मी म्हणणार नाही. पहिली मर्यादा शिखराची. उसळी फार उंच आणि अरुंद असेल, तर मीटरच्या आतलं सर्किट तिचा शेंडा कापतं आणि वाचन पुन्हा कमी येतं. मीटरच्या माहितीपत्रकात क्रेस्ट फॅक्टर दिलेला असतो, म्हणजे आरएमएसच्या किती पट शिखर त्याला झेपतं. ३ असेल, तर घरगुती कामाला बहुधा पुरतं.

दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. बहुतेक ट्रू आरएमएस मीटर एसीच्या खुणेवर असताना वेव्हमधला डीसी भाग आधीच अडवतात. हीटरला एक डायोड लावून अर्धी शक्ती देण्याची युक्ती जुनी आहे. त्या हीटरला खरे १६३ व्होल्ट मिळतात, पण ट्रू आरएमएस मीटर एसीवर १२५ दाखवतो आणि डीसीवर १०३. १२५ चा वर्ग अधिक १०३ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ, तेव्हा कुठे १६२ येतात. एसी आणि डीसी एकत्र मोजण्याची सोय काही महाग मीटरमध्येच असते.

तिसरी मर्यादा मोटरच्या ड्राइव्हची, मग तो कारखान्यातला व्हीएफडी असो की शेतातल्या एसी सौर पंपाचा कंट्रोलर. त्याचं आउटपुट म्हणजे सेकंदाला हजारो पल्सचा मारा. ट्रू आरएमएस मीटर त्या सगळ्या पल्सची बेरीज करून मोठा आकडा देतो, पण मोटर फिरते ती त्या माऱ्यात दडलेल्या सावकाश साइन वेव्हवर. तिथे लो-पास फिल्टर असलेलाच मीटर हवा. तसा नसेल, तर ड्राइव्हच्या स्वतःच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवावा.

आपल्याकडचा मीटर कोणत्या जातीचा आहे, हे ओळखायला दर्शनी बाजू बघावी. ट्रू आरएमएस असेल, तर ते ठळक छापलेलं असतं. नुसतं आरएमएस लिहिलेलं असेल, तर फसू नये, साधा मीटरही आरएमएसमध्येच आकडे दाखवतो. खात्री करायची असेल, तर मामांच्या दुकानात झालं तेच करावं. दोन मीटर आधी भिंतीवरच्या सॉकेटला, मग डिमरला किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरला लावून बघावेत. सॉकेटवर जमले आणि तिथे भांडले, तर त्यातला एक सरासरीवाला आहे. हे करताना पॉइंट २३० व्होल्टांचा आहे, हे विसरू नये. ज्याला सवय नाही, त्याने वायरमनकडूनच करून घ्यावं. आणि ट्रू आरएमएस मीटरच्या पिना हवेत मोकळ्या असताना त्यावर दोन-चार आकडे हलताना दिसले, तर तो बिघडलेला नसतो, ते त्याच्या सर्किटचंच लक्षण आहे.

सॉकेटला व्होल्टेज आहे का, सेल किती उतरलाय, फ्यूज उडालाय का, यासाठी साधा मीटर आजही पुरेसा आहे, तो फेकायचं कारण नाही. पण करंट मोजून वायर किंवा एमसीबी ठरवायचा असेल, किंवा इन्व्हर्टरचा प्रीसेट फिरवायचा असेल, तर तिथे ट्रू आरएमएस मीटरच लागतो. मामांनी त्या संध्याकाळी मेकॅनिकचा मीटर लावून प्रीसेट उलटा फिरवला आणि २३० वर आणला. त्यांच्या स्वतःच्या मीटरवर तेव्हा १८० च दिसत होते. तुमच्या घरी एमसीबी वारंवार पडत असेल आणि वायरमन मोठा एमसीबी टाकायला निघाला असेल, तर त्याला आधी एवढंच विचारा, "भाऊ, तुमचा टोंग टेस्टर ट्रू आरएमएसचा आहे का?"